भांडवली नफा आणि धारणकाल : माननीय अर्थमंत्र्यांस खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री यांस,


हिशेब-तपासणी आणि करविषयक सल्ला हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय. त्यात लोकांनी मला सर्वाधिक वेळा जो प्रश्न विचारला, तोच आज या पत्राच्या रूपाने आपल्यापुढे ठेवीत आहे. तीच वस्तू, तेवढाच नफा, विकणारा इसमही तोच. मग केवळ आज विकली म्हणून एक कर आणि आठवड्याने विकली म्हणून दुसरा, असे का? या प्रश्नाचे उत्तर आपणांस व आपल्या खात्यातील अधिकाऱ्यांस ठाऊक आहे यात शंका नाही. परंतु ज्याच्याकडून वसुली होते त्याच्यापर्यंत ते उत्तर पोहोचत नाही. त्याच्या हाती पडतात ते केवळ दर आणि मुदती, आणि कारण कळले नाही की मनुष्य नियमाला सरकारची लहर समजू लागतो. म्हणून धारणकालामागची कारणे येथे प्रथम साध्या भाषेत मांडतो, आणि त्यांच्याच कसोटीवर सध्याच्या तरतुदी कोठे उणावतात ते मग नम्रपणे निदर्शनास आणतो. पत्र खुले ठेवले आहे ते यासाठी की, त्याचा पूर्वार्ध आपल्याहून अधिक इतर वाचकांसाठी आहे.

भांडवली नफ्यावरील कर आपल्याकडे प्रथम आला तो १९४७ च्या फेब्रुवारीत, हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांच्या अंदाजपत्रकातून. तो १९४९ मध्ये मागे घेण्यात आला; पुढे निकोलस कॅल्डॉर या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञाने भारतीय करपद्धतीविषयी अहवाल दिल्यानंतर १९५६ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांनी तो पुनश्च बसविला, आणि तेव्हापासून तो या ना त्या स्वरूपात कायम आहे. पगार, व्याज वा दुकानदारीचा नफा यांहून या कराचे स्वरूप मुळातच वेगळे आहे, कारण पगार ज्या वर्षी कमावला जातो त्याच वर्षी हाती येतो, तर जमिनीची, घराची वा कंपनीच्या भागांची किंमत वर्षानुवर्षे हळूहळू चढत राहते आणि त्या चढण्यातील एक पैही मालकाच्या हाती विक्रीच्या दिवसापर्यंत पडत नाही. सरकारही मोठ्या शहाणपणाने त्या दिवसापर्यंत थांबते. न विकलेल्या घरावरील कागदी नफ्याचा कर मागितला, तर तो भरण्यासाठी घरच विकावे लागेल, हे उघड आहे. नफा साठतो अनेक वर्षे आणि कर लागतो एका दिवशी. धारणकालाचा सारा विचार या एका विसंगतीतून उगम पावलेला आहे.

तिच्यातून निघणारे पहिले कारण असे की, चढत्या दरांच्या करपद्धतीत दीर्घकाळ मालमत्ता बाळगणारा मनुष्य विनाकारण वरच्या पायरीवर ढकलला जातो. एखाद्या शिक्षकाच्या भूखंडाची किंमत पंधरा वर्षांत वीस लाखांनी वाढली, तर वर्षाला सुमारे एक लाख तेहतीस हजार एवढीच ती वाढ आहे, आणि ती दरवर्षी त्याच्या पगारात मिळविली असती तर त्याचा करदर फारसा हलला नसता. पण विक्रीच्या वर्षी वीसही लाख एकदम त्याच्या उत्पन्नात धरले, की तो त्या एका वर्षापुरता मोठ्या कारखानदाराच्या पंक्तीला जाऊन बसतो आणि तीस टक्क्यांच्या दराला पात्र ठरतो. पुढच्याच वर्षी पुन्हा तो पहिला शिक्षक. हा अन्याय टाळण्यासाठी दीर्घकालीन नफा इतर उत्पन्नापासून अलग काढून त्यावर एकच, सौम्य, ठरावीक दर लावण्याची रीत पडली. अमेरिकेत १९२१ च्या कायद्याने दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या मालमत्तेच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांचा पर्यायी दर दिला. आज भारतात दीर्घकालीन नफ्याला नेमका तोच आकडा लागू आहे, हा योगायोग नमूद करण्याजोगा वाटतो.

दुसरे कारण चलनाच्या मूल्याशी निगडित आहे, आणि माझ्या मते सर्व कारणांत तेच सर्वांत भक्कम होय. विक्रीची किंमत वजा खरेदीची किंमत म्हणजे नफा, हे समीकरण दोन्ही रुपये एकाच मोलाचे असतील तरच खरे. सहा महिन्यांत ते जवळपास एकाच मोलाचे असतात. पंधरा वर्षांत मुळीच नसतात. हे ओळखून, राजा चेलय्या समितीच्या शिफारशींच्या काळात, १९९२ च्या वित्त कायद्याने एक महागाई निर्देशांक आणला. दीर्घकाळ बाळगलेल्या मालमत्तेची खरेदी-किंमत त्या निर्देशांकाच्या प्रमाणात वाढवून घ्यायची आणि मगच नफा मोजायचा, अशी ती व्यवस्था होती, व अल्पकालीन मालमत्तेला ती सवलत नव्हती. हा निर्देशांक शहरी ग्राहक-किंमतींच्या सरासरी वाढीच्या पाऊणपट एवढाच धरला जातो, म्हणजे सरकारने त्यातही हात आखडताच ठेवला होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवितो. समजा, एका गृहस्थाने २००९-१० साली दहा लाख रुपयांस एक बिगरशेती भूखंड घेतला आणि डिसेंबर २०२४ मध्ये विकला. सरकारी निर्देशांक खरेदीच्या वर्षी १४८ होता, विक्रीच्या वर्षी ३६३. म्हणजे सरकारच्याच मोजमापाने त्या दहा लाखांचे विक्रीच्या वेळचे मोल सुमारे २४ लाख ५३ हजार रुपये होते. आता तीन निरनिराळ्या विक्री-किंमती मनाशी धरू. भूखंड पन्नास लाखांस गेला, तर जुलै २०२४ पूर्वीच्या जुन्या रीतीने महागाई वजा जाता साडेपंचवीस लाखांच्या आसपास नफा उरतो आणि त्यावर वीस टक्के दराने सुमारे पाच लाख नऊ हजार कर होतो. नव्या रीतीने महागाई न वजा करता चाळीस लाख नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे नेमके पाच लाख. दोन्ही रीती जवळजवळ सारख्याच. तीस लाखांस गेला, तर जुन्या रीतीने साधारण एक लाख साडेनऊ हजार आणि नव्या रीतीने अडीच लाख. आणि समजा, त्या भागात रस्ता झाला नाही, पाणी आले नाही, आणि भूखंड बावीस लाखांसच विकावा लागला. महागाईच्या मापाने या गृहस्थाला अडीच लाखांचा तोटा झालेला आहे; जुन्या रीतीने त्याला काहीही कर नाही. नव्या रीतीने मात्र बारा लाखांचा ‘नफा’ धरून दीड लाख रुपये भरावे लागतील. (अधिभार आणि उपकर मी सर्वत्र बाजूला ठेवले आहेत.)

आता वस्तुस्थिती अशी की, २३ जुलै २०२४ च्या अंदाजपत्रकाने ही महागाईची वजावट काढून घेतली आणि दीर्घकालीन नफ्याला सरसकट साडेबारा टक्क्यांचा दर ठरविला. देशभर त्यावर नापसंती व्यक्त झाल्यानंतर काही दिवसांतच आपण विधेयकात दुरुस्ती केली, आणि त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमिनी व इमारती विकणाऱ्या निवासी व्यक्ती व अविभक्त हिंदू कुटुंबांस दोन्ही रीतींपैकी जिने कर कमी येईल तिचा लाभ मिळेल, अशी तरतूद केली. लोकांचे म्हणणे ऐकून कायद्याचा मसुदा बदलणे हे राज्यकर्त्यास भूषणास्पदच आहे, आणि माझ्या उदाहरणातील गृहस्थ त्या दुरुस्तीमुळेच वाचला. परंतु २३ जुलै २०२४ रोजी किंवा त्यानंतर खरेदीखत करणाऱ्यास ते संरक्षण नाही. त्याचप्रमाणे सोने बाळगणाऱ्यास, खरेदी कितीही जुनी असली तरी, ते मिळालेले नाही.

दर कमी केला म्हणजे महागाईची भरपाई झाली, असा युक्तिवाद करण्यात येतो. वर दिलेली तीन उदाहरणे शेजारी ठेवली की तो कोठे लंगडा पडतो ते दिसते. ज्याची मालमत्ता महागाईच्या कितीतरी पुढे धावली त्याला कमी दराने लाभ होतो. ज्याची महागाईच्या मागे रेंगाळली त्याच्याकडून, कमी दराने का होईना, न झालेल्या नफ्यावर कर घेतला जातो. दर आणि महागाई या दोन भिन्न राशी आहेत. एकीत सूट दिल्याने दुसरीतील चूक दुरुस्त होत नाही. ती फक्त भाग्यवानाच्या बाजूने झुकते.

तिसरे कारण मनुष्याच्या हेतूविषयी आहे. सकाळी घेऊन दुपारी विकणारा आणि मुलीच्या शिक्षणासाठी दहा वर्षे ठेवणारा हे दोघेही ‘भागधारक’ म्हणविले जात असले, तरी पहिल्याचा नफा हा वस्तुतः त्याच्या रोजच्या उद्योगाची कमाई आहे आणि तिच्यावर इतर कमाईप्रमाणे कर बसावा हे न्याय्य आहे. पण हेतू हा मनात असतो, तो दप्तरात नोंदता येत नाही. तारीख मात्र दप्तरात असते. म्हणून कायदा तारखेवरून हेतूचे अनुमान करतो. व्यापारी म्हणून धरायचे की गुंतवणूकदार म्हणून, या प्रश्नावर करदाते व अधिकारी यांच्यात अनेक वर्षे वाद चालत, आणि शेवटी २०१६ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून असे ठरवून दिले की, सूचीबद्ध कंपन्यांचे भाग बारा महिन्यांहून अधिक काळ बाळगलेले असतील आणि करदाता त्यांना भांडवली नफ्यात दाखवू इच्छित असेल, तर अधिकाऱ्याने त्यास हरकत घेऊ नये. एकदा घेतलेली भूमिका मात्र करदात्याने पुढच्या वर्षी बदलू नये. काळाला पुरावा मानण्याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण होय, आणि त्याने कितीतरी दावे मिटविले.

याच्याच जोडीला चौथा एक विचार सांगितला जातो: विक्रीवर कर फार जड असेल तर मनुष्य विकतच नाही, पैसा जुन्या जागी अडकून पडतो आणि नव्या उद्योगाकडे वळत नाही. हे खरे आहे, पण ते दर एकंदरीतच बेताचा असावा असे सांगते. काळानुसार दर निराळा का असावा हे त्यातून फारसे निघत नाही, म्हणून त्याचा विस्तार करीत नाही.

विरुद्ध बाजू झाकून ठेवणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. दीर्घकाळ बाळगणाऱ्याला एक सवलत कायद्याने काही न लिहिताच मिळालेली असते, ती म्हणजे कर पुढे ढकलला जाण्याची. दोघांनी एकेक लाख रुपये दरसाल दहा टक्के वाढीने वीस वर्षे गुंतविले, आणि दोघांनाही दर वीस टक्केच लावला. पण एकाने मुदतठेवीच्या व्याजाप्रमाणे दरवर्षी कर भरला आणि दुसऱ्याने शेवटी एकदाच. पहिल्याकडे अखेरीस सुमारे चार लाख सहासष्ट हजार उरतात, दुसऱ्याकडे कर भरूनही पाच लाख अठ्ठावन्न हजार. सरकारचा जो हिस्सा दरवर्षी जायचा, तो दुसऱ्याच्या पदरी राहून त्याच्यासाठी व्याज कमवीत राहिला. म्हणून दीर्घकालीन नफ्याला महागाईची वजावटही द्या आणि दरही नाममात्र ठेवा, असे मी म्हणत नाही. ठेवीवर जगणाऱ्या निवृत्त माणसाला ते अन्यायाचे होईल. वजावट आणि सौम्य दर यांपैकी एकाचीच निवड करायची असेल, तर वजावट ठेवून दर वाढवावा, कारण वजावट खऱ्या व खोट्या नफ्यात भेद करते आणि दर तो करीत नाही.

आता मुदतीच्या रेषेकडे वळतो. सध्या सूचीबद्ध भाग व भागांवर आधारित म्युच्युअल फंड यांना बारा महिने, आणि जमीन, घर, सोने आदी इतर बहुतेक मालमत्तांना चोवीस महिने अशी मुदत आहे. जमीन व घर यांची मुदत २०१७ पर्यंत छत्तीस महिने होती, सोन्याची २०२४ पर्यंत. आणि एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या रोखेप्रधान म्युच्युअल फंडांना तर काळाचा हिशेबच उरलेला नाही, ते दहा वर्षे ठेवले तरी नफा अल्पकालीनच. यावरून दिसते की चोवीस किंवा बारा या आकड्यांत निसर्गसिद्ध असे काही नाही; हेतू, महागाई आणि साठलेला नफा या तिन्ही गोष्टी हळूहळू वाढत जातात आणि कायदा मात्र एका जागी रेघ ओढतो. रेषेच्या दोन्ही बाजूंस काय होते ते पहा. एखाद्या स्त्रीला भागांच्या विक्रीत पाच लाखांचा नफा झाला. विक्री मुदतीच्या आत असेल तर वीस टक्क्यांनी एक लाख रुपये कर. मुदत उलटल्यावर असेल तर पहिले सव्वा लाख माफ, उरलेल्या पावणेचार लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे ४६ हजार ८७५ रुपये. एका दिवसाच्या फरकाने त्रेपन्न हजारांचा फरक.

याच कारणास्तव तारीख कशी मोजायची हे माहीत असणे आवश्यक ठरते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक नोटिसा येथेच उद्भवतात. कायद्याचे शब्द ‘बारा महिन्यांहून अधिक’ असे आहेत व ते बारा महिने विक्रीच्या लगतपूर्वीचे मोजायचे असतात. तेव्हा १० जून २०२४ रोजी घेतलेले भाग १० जून २०२५ रोजी विकणाऱ्याने अकारण वाद ओढवून घेतला असे समजावे, आणि ११ जूनपर्यंत थांबावे. खरेदीची तारीख दलालाच्या करारचिठ्ठीवरची धरायची, भाग डिमॅट खात्यात जमा झाल्याची नव्हे. दरमहा ठरावीक रक्कम फंडात घालणाऱ्याची समजूत अशी असते की, पहिला हप्ता तीन वर्षांपूर्वीचा म्हणून सारी रक्कम दीर्घकालीन. वास्तविक प्रत्येक हप्त्याचा काळ स्वतंत्र धावतो, विक्रीच्या वेळी आधी घेतलेले आधी गेले असे मानले जाते, आणि सगळेच विकले तर शेवटच्या बारा महिन्यांचे हप्ते अल्पकालीन नफ्यात येतात. बक्षीस-भागांचा काळ ते वाटप झाल्याच्या दिवसापासून चालू होतो, मूळ भाग आजोबांच्या वेळचे असले तरीही. आणि त्यांची खरेदी-किंमत शून्य धरली जाते.

वडिलोपार्जित मालमत्तेच्या बाबतीत कायदा उदार आहे. वारशाने वा बक्षीसपत्राने आलेल्या घराचा धारणकाल नव्या मालकाच्या नावे फेरफार झाल्यापासून मोजला जात नाही. मूळ मालकाने ते विकत घेतल्यापासून मोजला जातो, आणि किंमतही मूळ मालकाचीच धरतात. महागाईचा निर्देशांक कोणत्या वर्षापासून घ्यायचा याबद्दल खात्याचे म्हणणे मात्र उलटे होते, आणि मूळ मालकाच्या पहिल्या वर्षापासूनच तो घ्यावा हे मुंबई उच्च न्यायालयाला २०११ मध्ये सांगावे लागले. बांधकाम चालू असलेल्या सदनिकेचे प्रकरण याहून अवघड. वाटपपत्र एका साली मिळते, करारनाम्याची नोंदणी दुसऱ्या साली होते, ताबा त्यानंतर कितीतरी उशिरा येतो, आणि यांपैकी कोणता दिवस मालकीचा पहिला दिवस याबद्दल मुंबई-पुण्यातील हजारो कुटुंबे संभ्रमात असतात. याही प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वाटपपत्राची तारीख ग्राह्य धरली. म्हणून वाटपपत्र आणि पहिल्या हप्त्याची पावती हे दोन कागद घर विकून करनिर्धारण पूर्ण होईपर्यंत कोणीही टाकून देऊ नयेत. ज्याने ते जपले नाहीत त्याचा धारणकाल नोंदणीच्या दिवसापासून मोजला जाण्याचा धोका असतो, आणि मग दीर्घकालीन नफ्यालाच मिळणारी सूट, म्हणजे नवीन घरात वा ठरावीक रोख्यांत रक्कम गुंतविल्याबद्दलची सूट, तीही हातची जाते.

आता ज्या गोष्टीने मला हे पत्र लिहिण्यास प्रवृत्त केले ती सांगतो. दीर्घकाळ बाळगणाऱ्यावर कर हलका असावा हे या साऱ्या व्यवस्थेचे मूळ तत्त्व; पण सर्वांत लहान करदात्याच्या बाबतीत ते आज उलटे झालेले आहे. इतर कोणतेही उत्पन्न नसलेल्या एका विधवेने एक भूखंड विकला आणि तिला दहा लाखांचा नफा झाला असे धरू, आर्थिक वर्ष २०२५-२६, करपद्धती नवी. भूखंड तेवीस महिने बाळगलेला असेल तर नफा अल्पकालीन. तो नेहमीच्या उत्पन्नात मिळतो, त्यावर टप्प्यांच्या दरांनी चाळीस हजार कर होतो, आणि बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी सूट तो सबंध पुसून टाकते. तिने एक पैसाही भरावयाचा नाही. पण तोच भूखंड पंचवीस महिने बाळगलेला असेल तर नफा दीर्घकालीन. मूळ करमुक्त मर्यादेचे चार लाख वजा जाऊन उरलेल्या सहा लाखांवर साडेबारा टक्के, म्हणजे पंचाहत्तर हजार रुपये. आणि विशेष दराच्या उत्पन्नाला ती सूट लागू नसल्याने हे पंचाहत्तर हजार तिला भरावेच लागतात. जी बाई धीर धरून थांबली तिला दंड, आणि जी थांबली नाही तिला माफी. वर सांगितलेल्या कारणांपैकी एकही कारण या निकालाचे समर्थन करू शकत नाही. नफा वर्षानुवर्षे साठला म्हणून तिला दिलासा द्यायचा होता, रुपयाचे मोल घटले म्हणून द्यायचा होता, ती सट्टेबाज नाही म्हणून द्यायचा होता. आणि प्रत्यक्षात सौम्य म्हणून योजलेला विशेष दरच तिला सौम्यतेपासून दूर ठेवतो.

हा दोष कोणी बुद्ध्या केला असे मी म्हणत नाही. दोन स्वतंत्र तरतुदी, सूट एकीकडे आणि विशेष दर दुसरीकडे, आपापल्या जागी ठीक दिसत असताना एकत्र आल्यावर असे घडते. परंतु घडते ते कोणाला, हे पाहिले पाहिजे. ज्याचा सल्लागार चांगला आहे तो अशा वेळी चोवीस महिन्यांच्या आतच व्यवहार उरकून घेतो. ज्याला सल्लागार नाही तो, लोकांनी ‘दोन वर्षे थांबा, कर कमी लागेल’ असे सांगितले म्हणून, विश्वासाने थांबतो.

रेषा अधिक मऊ करावी, एका उडीऐवजी पायऱ्या कराव्यात, अशी सूचना पुष्कळदा केली जाते. अमेरिकेने १९३४ ते १९३७ या काळात तसे करून पाहिले होते: एक वर्षापर्यंत सबंध नफा करपात्र, पुढे टप्प्याटप्प्याने ऐंशी, साठ, चाळीस टक्के, आणि दहा वर्षांनंतर तीस. ब्रिटननेही १९९८ पासून दहा वर्षे अशीच उतरती व्यवस्था ठेवली व अखेर गुंतागुंतीला कंटाळून सोडून दिली. पायऱ्या केल्या तर एका मोठ्या उंबरठ्याऐवजी चार लहान उंबरठे होतात आणि प्रत्येकापाशी मनुष्य विक्री लांबवीत बसतो. म्हणून त्या मार्गाचा आग्रह मी धरीत नाही. एक रेष असू द्यावी, ती समजण्यास सोपी असते.

आपल्याकडे माझे मागणे त्याहून मर्यादित आहे. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून अमलात येण्यासाठी संमत झालेला आहे, आणि जुन्या कायद्याची भाषा सुलभ करणे हा त्याचा घोषित उद्देश आहे. त्याच्या पुढील दुरुस्तीच्या वेळी दोन वाक्ये घालावीत. पहिले असे की, चोवीस महिन्यांहून अधिक बाळगलेल्या जमिनीची वा घराची विक्री-किंमत निर्देशांकाने वाढविलेल्या खरेदी-किंमतीहून अधिक नसेल तर, खरेदी कोणत्याही तारखेची असो, त्या व्यवहारात करपात्र नफा झाला नाही असे समजावे. याने साडेबारा टक्क्यांच्या दराला धक्का लागत नाही, खऱ्या नफ्यावरील वसुली अबाधित राहते, आणि निर्देशांक तर आपले खाते दरवर्षी जाहीर करीतच असते. दुसरे असे की, कोणत्याही निवासी व्यक्तीचा दीर्घकालीन नफ्यावरील कर, तोच नफा अल्पकालीन असता तर जितका झाला असता त्याहून अधिक असू नये. आणि विवरणपत्राबरोबरच्या सूचनांत धारणकालाची मोजणी, वारसा, हप्ते, बक्षीस-भाग व वाटपपत्र यांच्यासह, मराठी आणि इतर देशी भाषांतून एका पानात छापावी, म्हणजे वाटपपत्र कोणत्या पेटीत ठेवले आहे हे शोधण्याची पाळी नोटीस आल्यानंतर येणार नाही.

या तिन्ही गोष्टींवर आपल्या खात्याचे जे मत असेल ते, प्रतिकूल असले तरी, कारणांसह जाहीर व्हावे ही विनंती.

आपला विनम्र,
एक निवृत्त हिशेब-तपासनीस